पाण्यावरच्या दिव्याला पाण्याचा भरवसा किती?

उरळीत पाणी भरून त्यावर मेणबत्त्या सोडल्या की घरातली माणसं निर्धास्त होतात. खाली पाणीच आहे, पेटणार काय, असा साधा हिशेब असतो. तो अर्धाच बरोबर आहे. खालचं पाणी ओघळणारं मेण झेलतं, वातीचा जळका कण पडला तर तो विझवतं, टेबलाचं लाकूड तापू देत नाही. पण ज्योत खाली जळत नाही, वर जळते. वरून जे काही येतं, म्हणजे वाढताना सुटलेला पदर, ओढणी, पंख्याने उडालेलं पडद्याचं टोक, वास घ्यायला वाकलेल्या मुलीचे केस, त्यांना त्या पाण्याचा काही उपयोग नाही. म्हणून फुलापाण्याची ही आरास करताना पाण्याने सांभाळायचं काय आणि आपण सांभाळायचं काय, ही वाटणी आधी डोक्यात पक्की हवी.

पाण्यावर दिवा सोडणं आपल्याला नवं नाही. नाशिकला गोदावरीत द्रोणातून दिवे सोडतात, त्रिपुरारी पौर्णिमेला कोल्हापुरात पंचगंगेचा घाट पणत्यांनी उजळतो. घरात मांडायची उरळी मात्र केरळातून आली. तिकडे हे रुंद तोंडाचं, उथळ, जाड काठाचं काशाचं किंवा पितळेचं भांडं मुळात पायसम् आणि औषधी काढे उकळायचं. आता ते दिवाणखान्यात येऊन बसलंय आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांत दिवाळीच्या सुमारास त्याची रास लागलेली दिसते. उरळी नसेल तर पितळी परात चालते, आजीचं घंगाळ असेल तर फारच छान. काचेचा रुंद बोलही चालतो, पण त्याची पथ्यं वेगळी आहेत, ती पुढे येतीलच.

आरास चांगली आणि सुरक्षित होणार की नाही, हे निम्मं मेणबत्ती विकत घेतानाच ठरतं. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक म्हणजे ॲल्युमिनियमच्या छोट्या डबीतली, जिला सगळे टी-लाइट म्हणतात. दुसरी खास तरंगण्यासाठी ओतलेली, वरून रुंद आणि खाली निमुळती, वाटीच्या घाटाची. टी-लाइट स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते, म्हणून लोक तीच सोडतात. ती तरंगते खरी, पण होडीसारखी: डबीच्या काठाने पाणी बाहेर ठेवलंय तोवरच. एखादं फूल आपटलं, डबी कलली, काठावरून थोडं पाणी आत आलं, की गरम मेणात तडतड होते, मेणाचे शिंतोडे उडतात आणि शेवटी डबी बुडते.

दुसऱ्या प्रकारच्या मेणबत्तीला तरंगायला डबी लागत नाही. पॅराफिन मेण पाण्यापेक्षा थोडं हलकं असतं. त्याची घनता पाण्याच्या सुमारे नऊ दशांश, म्हणून मेणबत्तीचा बहुतेक भाग पाण्याखाली राहतो आणि थोडीच कड वर दिसते. जळताना गंमत अशी होते की वातीभोवतीचं मेण वितळतं, पण बाहेरच्या भिंतीला पाण्याचा गारवा मिळत असल्याने ती घट्टच राहते. वितळलेलं मेण त्या वाटीतच साठतं. शेवटी तळ पातळ झाला की पाणी आत शिरतं, चर्र होतं आणि वात आपोआप विझते. पाणी सांभाळतं म्हणतात ते असं.

घेताना आणखी एक पाहायचं. वात बरोबर मध्यभागी आहे का? घरी आणल्यावर न पेटवता बादलीत सोडून बघावी. सरळ तरंगली तर ठीक. एका बाजूला झुकली तर जळताना आणखी झुकेल, एकीकडची भिंत आधी वितळेल आणि अर्ध्या तासात मेण पाण्यावर पसरेल. तशी मेणबत्ती कोरड्या बशीत उभी करून वापरावी, पाण्यात नको.

आकार मात्र मोठाच घ्यावा, तीन इंच व्यासाचा. छोट्या मेणबत्त्या पुष्कळ सोडल्या की आरास भरगच्च दिसते, पण मला ती हौस पटत नाही, आणि कारण निव्वळ भूमितीचं आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तू आपण ठेवल्या जागी राहत नाहीत. पंख्याच्या झुळकेने सरकतात, टेबलाला धक्का लागला की सरकतात. काहीच नसलं तरी हळूहळू भांड्याच्या काठाला किंवा एकमेकींना जाऊन भिडतात. म्हणजे त्या भिडणार हे धरूनच मांडणी करायची. तीन इंची मेणबत्त्या एकमेकींना चिकटल्या तरी त्यांच्या ज्योतींत तीन इंचांचं अंतर उरतं. फूल येऊन टेकलं तरी ज्योत त्याच्यापासून दीड इंच दूर असते. टी-लाइटचा व्यास मुळात दीड इंच. ती फुलाला भिडली की ज्योत आणि पाकळी यांत पाऊण इंचही राहत नाही. रुंद मेणबत्ती स्वतःचं कुंपण स्वतःबरोबर घेऊन फिरते.

आता एक मांडणी नीट करून बघू. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाहुणे यायचे आहेत, टेबल सहा माणसांचं आणि उरळी चौदा इंच व्यासाची, चार इंच खोल. अशा उरळीत अडीच इंचांपर्यंत पाणी भरलं तर ते साधारण चार-पाच लिटर होतं. पाण्याचंच वजन चार-पाच किलो, त्यात पितळेचं वेगळं. भरलेली उरळी उचलून टेबलावर नेण्याचा खटाटोप कोणी करू नये. रिकामी उरळी जागेवर ठेवावी, खाली जाडसर कापड किंवा चटई घालावी आणि तांब्याने तिथेच पाणी ओतावं. टेबलाचा पाय हलत असेल तर त्याखाली आधी चिपटी घालावी. कलत्या टेबलावर पाणी कडेशी येतं आणि सगळ्या मेणबत्त्या त्याच बाजूला गोळा होतात.

जागा निवडताना टेबल नव्हे, छत बघायचं. पंखा वर असेल तर त्या वेळेपुरता बंद, हे आधीच ठरवून टाकावं. ऑक्टोबरचा उकाडा असतो, मध्येच कोणीतरी पंखा लावतंच. मग बटणावर चिठ्ठी चिकटवायला लाजू नये. वाऱ्याने ज्योत लांबते, काजळी धरते आणि मेणबत्ती एकाच बाजूने जळते. पडदा, लोंबता दिवा, झेंडूचं तोरण, कागदी कंदील, सगळं उरळीच्या काठापासून निदान फूटभर लांब हवं आणि ज्योतीच्या वर थेट काहीच लोंबतं नको.

पाणी स्थिर झालं की आधी फुलं. उरळीच्या काठालगत आतून झेंडूची एक ओळ गोल मांडायची. दोन इंची झेंडू असेल तर वीस फुलांत वर्तुळ पुरं होतं, चांगली घट्ट बसतात. ही कड दिसायला छान असतेच, पण तिचं खरं काम आहे मेणबत्त्यांना काठापर्यंत जाऊ न देण्याचं. मध्ये नऊ-दहा इंचांचं मोकळं पाणी उरतं. त्यात तीनच मेणबत्त्या. चौथी बसते, पण सोडू नये. तीन असल्या की थोडं सरकायला जागा राहते. मोकळ्या पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या मूठभर, त्याहून जास्त नाहीत. पाणी दिसायला हवं, नाहीतर ज्योतीचं प्रतिबिंब पडणार कुठे? आणि अर्धी शोभा तर त्या प्रतिबिंबाचीच.

इथे बहुतेकांची एक गफलत होते. टपोरा झेंडू पाण्यावर तरंगतो तेव्हा इंच-दीड इंच वर येतो, आणि मेणबत्तीची कड जेमतेम अर्धा इंच. म्हणजे फूल ज्योतीच्या उंचीला पोचतं. रुंद मेणबत्तीने राखलेलं अंतर म्हणूनच महत्त्वाचं, आणि म्हणूनच मधल्या पाण्यात उंच फूल नको, सपाटच हवं: पाकळ्या किंवा चाफा. ताजी पाकळी पाण्याने भरलेली असते, ती चटकन पेटत नाही, काळवंडते. पण तीच पाकळी किंवा काडेपेटीची मोडकी काडी वितळलेल्या मेणात पडली तर मेण शोषून दुसऱ्या वातीसारखी जळू लागते. एका मेणबत्तीवर दोन ज्योती दिसल्या तर समजावं काय झालंय. शेजारचं फूल वाकलंय का तेही बघावं, आणि मेणबत्ती आधी शांत करून मगच तो कचरा चिमट्याने काढावा.

फुलांचं फार कौतुक करत बसत नाही, पण काही गोष्टी सांगायला हव्यात. झेंडू, शेवंती, ॲस्टर यांचं हिरवं बूड शाबूत ठेवून देठ अर्ध्या बोटावर कापला की ती तोंड वर करून तरंगतात. बूड उपटलेला झेंडू तासाभरात पाकळ्या सोडतो. चाफ्याची पाकळी जाड, तो सुरेख तरंगतो, मात्र त्याच्या देठातून चीक येतो. कापल्यावर धुऊन घ्यावा. जास्वंद दिवसाची धनीण, संध्याकाळी मिटते, तेव्हा रात्रीच्या जेवणासाठी ती घेऊ नये. कण्हेर मात्र अजिबात नको. दिसायला छान, तरंगतेही, पण तिचे सगळे भाग विषारी असतात, आणि टेबलावरच्या पाण्यात हात घालून तोच तोंडात घालणारं पोर किंवा ते पाणी चाटणारं मांजर घरोघरी असतं. मांजर असेल तर लिलीसुद्धा घरात आणू नये. तिचा पराग अंगावर पडून चाटला तरी मांजराच्या मूत्रपिंडांना धोका असतो. सुकलेलं गवत, कोरडी पानं, चमकीचा कागद हल्ली आरासेत सर्रास खोचतात. ते सगळं ज्योतीला दिलेलं आमंत्रण आहे.

पाण्यात अत्तराचे थेंब टाकायचीही एक पद्धत निघाली आहे. तेल पाण्यावर तवंग धरतं आणि स्पिरिटचं अत्तर तर ज्योतीजवळ नेऊच नये. सुगंधी मेणबत्तीही जेवणाच्या टेबलावर नको. बासुंदीच्या वेलचीवर लॅव्हेंडरचा वास चढला की दोन्ही वाया जातात.

पेटवण्याआधी वात पाव इंचावर कापावी. लांब वात मोठी ज्योत आणि काजळी देते. मेणबत्त्या कोरड्या हातांनी पाण्यावर अलगद टेकवाव्यात, वात भिजली तर ती धरत नाही, नुसती तडतडते. पेटवायला लांब दांड्याचा ज्योतीचा लायटर घ्यावा. गॅसचा साधा लायटर फक्त ठिणगी पाडतो, त्याने मेणबत्ती पेटत नाही, आणि मग माणूस काडेपेटी घेऊन उरळीवर वाकतो. आपल्यापासून लांबची मेणबत्ती आधी पेटवावी, जवळची शेवटी, म्हणजे पेटत्या ज्योतीवरून हात न्यावा लागत नाही. आणि हे सगळं पदर खोचून, बाह्या वर करून. हाताला नुकतंच सॅनिटायझर लावलं असेल तर ते पूर्ण वाळू द्यावं. नायलॉन-जॉर्जेट पेटतं तेव्हा वितळून कातडीला चिकटतं. मलमल भुरकन जळते. दोन्हींत डावंउजवं करण्यात अर्थ नाही.

टेबलावर उरळी मध्ये असली तरी वाढणारी बाई कुठून वाकते, हे कोणी बघत नाही. वाढण्याच्या पातेल्यांचं काम दुसऱ्या टेबलावर न्यावं, नाहीतर जेवण वाढून झाल्यावर मेणबत्त्या पेटवाव्यात. गुडघ्याएवढ्या टीपॉयवर उरळी असेल आणि घरात चालायला लागलेलं मूल असेल, तर मेणबत्ती नकोच. पाण्याला टेकलं की लागणारे छोटे दिवे बाजारात मिळतात, ते सोडावेत. त्यांचंही एक पथ्य आहे: आत बटणासारखा सेल असतो. मुलाने तो गिळला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होऊ शकते. झाकण स्क्रूने बंद होणारे दिवेच घ्यावेत आणि रात्री मोजून उचलावेत.

काचेच्या बोलचं पथ्य सांगायचं राहिलं होतं. काचेला एका जागी तापलेलं सहन होत नाही. मेणबत्ती काठाला जाऊन टेकली आणि पाणी काठापासून बरंच खाली असलं, तर ज्योत काचेला चाटत राहते. वर काच तापलेली, खाली पाण्याने गार, आणि साधी काच अशा वेळी तडकते. पाणी, काचा आणि पेटत्या वाती एकदम टेबलावर येतात. म्हणून काचेच्या भांड्यात पाणी काठाच्या इंचभर खालपर्यंत भरावं आणि फुलांची कड न चुकता मांडावी. उभट, अरुंद तोंडाच्या काचेत तरंगती मेणबत्ती शोभते असं म्हणतात, पण तिथे ज्योत आणि काच यांत अंतर ठेवायला जागाच नसते.

टी-लाइटचं एक प्रकरण अजून बाकी आहे, कारण सगळ्यांत मोठा धोका उरळीत नसून उरळीच्या शेजारी असतो. तरंगणाऱ्या डबीला खालून पाण्याचा गारवा तरी मिळतो. पण शोभा वाढवायला लोक उरळीभोवती ताटात पंधरा-वीस टी-लाइट अगदी लगत मांडतात. त्या एकमेकींना तापवतात. डबीतलं सगळं मेण वितळून पारदर्शक होतं, तापत राहतं, त्यातून पांढरट धूर निघू लागतो, आणि एका क्षणी वातच नव्हे तर मेणाचा सगळा पृष्ठभाग पेट घेतो. ज्योत एकदम वीतभर होते. अशा वेळी शेजारी पाण्याची उरळी असल्याने कोणाचाही हात तिकडेच जातो. पण मेण त्या वेळी शंभर अंशांच्या कितीतरी वर असतं. पाणी पडताक्षणी त्याची वाफ होते, वाफेला मूळ पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा लागते, आणि ती जळतं मेण हवेत उधळते. जळत्या मेणावर पाणी कधीच नाही. स्टीलचं झाकण किंवा ताट वरून ठेवावं, हात न लावता थंड होऊ द्यावं. टी-लाइट ठेवायच्याच असतील तर तीन-तीन इंचांवर ठेवाव्यात.

कपड्याला आग लागली तर मात्र उलट: तिथे पाणी चालतं, उरळीतलंही. माणसाला पळू न देता जमिनीवर आडवं करून लोळवावं, जाड सुती चादरीने दाबावं. भाजलेल्या जागेवर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडावं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काही नाही. कातडीला चिकटलेलं मेण ओढून काढू नये, कातडीच सोबत येते. त्यावरही पाणीच सोडत राहावं आणि डॉक्टरकडे जावं. आग हाताबाहेर जाते असं वाटलं तर 101 किंवा 112.

मेणबत्ती विझवण्याबद्दल घरातली वडीलधारी माणसं सांगतात, दिवा फुंकून घालवू नये. इथे त्याला वेगळं कारणही आहे. फुंकर मारली की हलकी मेणबत्ती होडीसारखी पलीकडे सरकते, वितळलेलं मेण उसळून पाण्यात आणि समोरच्याच्या हातावर उडतं. लांब दांड्याची पळी किंवा डाव पालथा करून ज्योतीवर क्षणभर धरावा, हवा तुटली की ज्योत शांत होते, धूरही कमी येतो. तीन इंची मेणबत्ती सहा-आठ तास जळेल असं पाकिटावर लिहिलेलं असलं, तरी पाहुणे गेल्यावर ती तशीच ठेवून भांडी घासायला जाऊ नये. खोली सोडताना मेणबत्ती बंद, हा एकच नियम पाळला तरी बाकीच्या पुष्कळ चुका पोटात घातल्या जातात. पुन्हा वापरायची असेल तर थंड झाल्यावर काढून पुसावी. तळाला भोक पडलेलं दिसलं, तर तिचा जन्म संपला.

दुसऱ्या दिवशी पाकळ्या चिकट होतात, पाणी गढूळ होऊन वास मारतं. शेवंती फार तर दोन दिवस निघते. फुलं गाळून कुंडीत किंवा खतात घालावीत. मेणाचे तुकडे वेगळे काढावेत आणि मेणाचं पाणी मोरीत ओतू नये, नळीत जाऊन ते गोठतं. काठाला मेण लागलं असेल तर उरळीत गरम पाणी घालावं. मेण वितळून वर येतं, पाणी गार झालं की त्याची चकती उचलता येते. पितळेवर पाण्याच्या रेघेशी पांढरं कडं उमटतं, ते चिंच किंवा लिंबू-मिठाने निघतं.

हे घासणं केवळ चकाकीसाठी नाही. डेंग्यूचा डास, एडिस, घरातल्या अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या शोधात असतो, आणि दिवाळी पावसाळ्यानंतरच्या त्याच्या हंगामातच येते. उरळी कोपऱ्यात शोभेला भरून ठेवली तर अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. पाणी नुसतं ओतून टाकलं तर भागत नाही. मादी अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेघेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते, ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि पुढच्या वेळी पाणी भरलं की फुटतात. तेव्हा उरळी रिकामी करून ती रेघ घासणीने आतून चोळून काढायची, कोरडी पुसायची आणि पालथी घालून माळ्यावर ठेवायची.